असं नाही झालं

मागच्या श्रावणात मी मिरजेला मावशीकडे आठ-दहा दिवस राहिले होते. मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यापासून ती मधल्या खोलीतल्या लोखंडी कॉटवरच असते आणि घरात चाललेले सगळे तिथूनच ऐकते. कुकरच्या शिट्ट्या तीच मोजते. माझा सहा वर्षांचा भाचा माझ्याबरोबर आला होता. एका संध्याकाळी पाऊस लागला, वीज गेली आणि तो माझ्या मांडीवर डोके ठेवून म्हणाला, "आत्या, भोपळ्याची सांग." मी सांगू लागले. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ भेटला, तिने त्याला शब्द दिला, भोपळ्यात बसून परत आली, हे सगळे नेहमीसारखे झाले. शेवटाकडे येता येता मात्र मला त्या वाघाचे फार वाईट वाटले आणि मी म्हातारीला भोपळ्यातून बाहेर काढले. तिने वाघाला लेकीने बांधून दिलेली तूप-रोटी दिली, वाघाने ती आवडीने खाल्ली आणि दोघे मित्र झाले. भाचा काही बोलला नाही. मधल्या खोलीच्या अंधारातून मावशीचा आवाज आला.

"असं नाही झालं."

मी म्हणाले, मावशी, लहान मुलाला सांगतेय गं. त्यावर ती म्हणाली, "लहान आहे म्हणूनच नीट सांग. तो वाघ उपाशी राहतो. तुला त्याची कीव येतेय तर येऊ दे, पण म्हणून त्याला जेवायला घालू नकोस."

त्या रात्री मला झोप लागेना. गेली कित्येक वर्षे मी मुलांना गोष्टी सांगत आले आहे आणि जिथे जिथे एखाद्या राक्षसाची, सावत्र आईची किंवा लांडग्याची दया आली, तिथे तिथे मी गोष्टीचा शेवट हलकेच वळवत आले आहे. ते मी चांगुलपणाने करत होते, यात मला शंका नाही. पण मावशीच्या त्या वाक्याने मला दाखवून दिले की वाघाला जेवायला घातल्यावर त्याची कीव करण्याचे काही कारणच उरत नाही. मी त्याचे दुःख ऐकले नव्हते. ते मला सोसवले नाही म्हणून मी ते पुसून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिनदर्शिकेचे उलटलेले पान घेतले, मावशीच्या उशाशी स्टूल ओढून बसले आणि तिच्या आईकडून तिला आलेली गोष्ट तिच्याच तोंडून घटनेवारी उतरवून घेतली. विशेषणे गाळली, बोलणी गाळली, फक्त काय झाले तेवढे लिहिले. म्हातारी लेकीकडे निघते. रानात कोल्हा तिला अडवतो. ती त्याला परत येण्याचा शब्द देते आणि तो सोडतो. पुढे वाघ अडवतो. त्यालाही ती तोच शब्द देते आणि तोही सोडतो. लेकीकडे ती तूप-रोटी खाऊन लठ्ठ होते. लेक भोपळा कोरून देते. म्हातारी त्यात बसून निघते. वाघ भोपळ्याला म्हातारीबद्दल विचारतो. भोपळा ठाऊक नाही म्हणतो आणि निघून जातो. कोल्ह्याशीही तसेच होते. म्हातारी घरी पोचते. बारा वाक्ये झाली. वाघ त्यांतल्या चारच वाक्यांत आहे, दोन जातानाच्या आणि दोन येतानाच्या. मधल्या काळात गोष्ट म्हातारीबरोबर लेकीच्या घरी जाते आणि वाघ नाहीसा होतो.

मी मावशीला विचारले, "लठ्ठ व्हायला तिला किती दिवस लागले असतील गं?" तिने थोडा विचार केला. लेकीकडच्या मुक्कामाचा हिशेब ती मनातल्या मनात करत असावी. "महिना तरी," ती म्हणाली. "म्हातारपणी अंगी लागायला वेळ लागतो."

म्हणजे तो महिनाभर थांबला होता.

हे मी त्या पानावर तेराव्या वाक्यासारखे लिहायला गेले आणि थांबले, कारण ते नवे नव्हते. म्हातारी गेली तेव्हा वाघ तिथे होता आणि ती परत आली तेव्हाही तिथेच होता, हे त्या बारा वाक्यांतच आहे. आजवर कोणी ते मोठ्याने म्हटले नव्हते, एवढेच. खलनायकाच्या बाजूने गोष्ट सांगायची तर त्याला नवी घटना द्यावी लागत नाही. गोष्ट जिथून निघून गेली तिथे, तो जिथे मागे राहिला तिथे, आपल्याला थांबावे लागते. या गोष्टीत ती जागा रानातल्या वाटेचे एक वळण आहे.

लोककथांचे अभ्यासक जगभरच्या गोष्टी कथाबीजांनुसार लावून ठेवतात. स्टिथ टॉम्पसन यांच्या मोठ्या सूचीत हे बीजही आहे आणि त्याचे नावच 'मी लठ्ठ होईपर्यंत थांब' असे आहे. त्याचा क्रमांक ५५३ असून ते इंग्रजी वर्णमालेतल्या 'के' या अक्षराच्या विभागात येते. तो विभाग फसवणुकीचा आहे. हे मी पूर्वीही वाचले होते, पण त्या सकाळी ते मला निराळ्या रीतीने कळले. सूची कोणाची बाजू घेत नाही. ती फक्त घडलेल्या कृतीचे नाव सांगते, आणि त्या नावाप्रमाणे या गोष्टीत फसवणारी म्हातारी आहे आणि फसलेला वाघ. वाघाला खलनायक आपण ठरवले, कारण आपण म्हातारीबरोबर भोपळ्यात बसलो. बंगालीतही ही गोष्ट आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० साली ती छापली, तेव्हा तिथेही कुबड आलेली म्हातारी पोकळ भोपळ्यातूनच घरी निघाली. इराणी मुलेही भोपळ्यातून गडगडत जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट ऐकत वाढतात आणि तिथे तिच्या वाटेवर लांडगा, बिबळ्या आणि सिंह असतात. इतक्या भाषांमधून ही म्हातारी सुखरूप घरी गेली आहे. त्या प्रत्येक भाषेत कोणीतरी वाटेवर बसून राहिले असणार.

मावशीचे माहेर बेळगावचे. तिचे कानडी अजूनही शाबूत आहे आणि तिच्या कानड्या मैत्रिणींच्या शाळेतले गाईचे गाणे तिला ऐकून ऐकून पाठ झाले होते. पुण्यकोटी नावाच्या गाईला वाघ अडवतो. वासराला पाजून परत येते असे ती सांगते, वाघ तिला जाऊ देतो आणि ती खरोखर परत येते. तिचा खरेपणा पाहून वाघ स्वतःला दोष देतो आणि जीव देतो. मावशी पडल्या पडल्या हे सांगत होती आणि मध्येच म्हणाली, "बघ, तोही वाघच. त्यानंही शब्दावर सोडलं. तिथं गाय आली म्हणून सगळे त्याच्यासाठी रडले. इथं म्हातारी आली नाही, तर सगळे त्याला हसले." दोन्ही वाघांनी आपापल्या वळणावर एकच गोष्ट केली होती. भुकेला असताना समोरचे अन्न एका शब्दावर सोडून दिले होते. पुढे त्यांच्या वाट्याला जे आले ते त्यांच्या हातात नव्हते. पुण्यकोटीच्या वाघाला पश्चात्ताप करायला तरी मिळाला. भोपळ्याच्या वाघाला काय झाले हेच कधी कळले नाही.

इथवर सगळे उमगले होते, तरी गोष्ट सांगता येत नव्हती. पुढचे तीन-चार दिवस मी वहीत निरनिराळ्या तऱ्हांनी ती लिहून पाहिली आणि रोज दुपारी मावशीला वाचून दाखवली. भाचा अंगणात कागदाच्या होड्या सोडत असे. पहिल्यांदा मी वाघाला 'मी' म्हणायला लावले. वाटले, बाजू त्याची आहे तर बोलू दे त्यालाच. पण तोंड उघडताच तो वकिली करू लागला. मी असा का झालो, माणसे माझ्याबद्दल काय काय बोलतात, माझी भूक ही भूक आणि म्हातारीची भूक तेवढी प्रेमाची, असे पानभर चालले. ऐकणाऱ्याला त्याच्याबद्दल जे वाटायला हवे होते ते सगळे तो स्वतःच मागून घेत होता आणि त्यामुळे द्यायला काही राहत नव्हते. मावशीने दुसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटले.

मग मी त्याला पूर्वायुष्य दिले. १९०७ साली कुमाऊँमध्ये जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा होता आणि खालचा मुळापर्यंत गेला होता. जुन्या गोळीची ती जखम होती. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली असे कॉर्बेटने लिहिले आहे आणि ते वाचल्यापासून मला त्या वाघिणीचे भय वाटले तरी राग येत नाही. म्हणून मी माझ्या वाघाचाही एक सुळा तोडला. एका जुन्या शिकाऱ्याची गोळी घातली, पंज्यात साळिंदराचे काटे घातले. लिहिताना माझे मलाच भरून आले. वाचून झाल्यावर मावशी म्हणाली, "हा दुसराच वाघ आहे." तिचे खरे होते. दया जी आली ती तुटक्या सुळ्याची आली, आणि सुळा काय, कोणाचाही तोडता येतो. वळणावर थांबलेल्या वाघाबद्दल त्यातून काहीच कळत नव्हते. शिवाय त्यात एक खोट अशी होती की वाघ दुखावलेला असला तरच म्हातारीला खाणे क्षम्य आहे, असा त्याचा अर्थ होत होता. वाघ मांस खातो. धडधाकट वाघालाही दहा वेळा धावल्यावर एखादी शिकार मिळते आणि पुष्कळ रात्री तो उपाशी झोपतो. एवढे खरे असताना त्याला जखमेची गरज नव्हती.

त्याच दिवसांत एका दुपारी मी सतारमेकर गल्लीकडे गेले होते. मिरजेत वाढलेल्यांना त्या दुकानांची नवलाई नसते, पण मला तिथे गेल्याशिवाय राहवत नाही. आत वाळलेले भोपळे ओळीने टांगलेले असतात, काही कापलेले, काही अजून देठासकट. लाकडाचा भुसा, सरस आणि लाखेचा वास एकमेकांत मिसळलेला असतो. एका कारागिराने तंबोऱ्यासाठी उघडलेला एक मोठा भोपळा माझ्या हातात दिला. दिसायला घागरीपेक्षा मोठा, पण इतका हलका की हात आपोआप वर गेला. आतला गर आणि बिया काढून खरवडलेल्या होत्या आणि आतली कड बोटाला खरखरीत लागत होती. मी कोणी पाहत नाहीसे पाहून त्यात तोंड घातले आणि म्हातारीचे वाक्य हळूच म्हटले. जो आवाज परत आला तो माझा होता आणि माझा नव्हता. वय निघून गेले होते, बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हते, नुसता एक घुमणारा गोलसर नाद राहिला होता. आजवर मला मनातून वाटत आले होते की वाघ मूर्खच म्हणायचा, भोपळा बोलतो आणि याला संशय येत नाही. त्या दुकानात उभी असताना कळले की त्याच्या कानांनी काही चूक केली नव्हती. वाघ शिकार करतो ती मुख्यतः कानांच्या आणि डोळ्यांच्या भरवशावर, आणि त्या दोघांनाही त्या दिवशी म्हातारी कुठेच सापडली नाही. मी हे कारागिराला सांगितले नाही. त्याने भोपळा माझ्याकडून घेतला, बोटाने एकदा वाजवून पाहिला आणि पुन्हा टांगून ठेवला.

या भोपळ्यामुळेच माझी पुढची चूक झाली, आणि ती सगळ्यांत मोठी चूक होती, कारण ती मला चूक वाटतच नव्हती. मी असे लिहिले की भोपळा जवळ आला तेव्हा वाघाला तुपाचा वास आला. म्हातारी जाताना तुपाचे बोलली होती, हे त्याला आठवले. आत कोण आहे ते त्याने ओळखले. तरीही त्याने ठरलेला प्रश्न विचारला, ठरलेले उत्तर ऐकले आणि तो बाजूला झाला. त्याने तिला जाऊ दिले. एकही घटना बदलली नव्हती. बाराच्या बारा वाक्ये जशीच्या तशी होती, वाघ विचारतो, भोपळा उत्तर देतो, पुढे जातो, आणि तरी वाघ केवढा मोठा झाला होता! मी ते मावशीला जरा अभिमानानेच वाचून दाखवले. ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असं नाही झालं."

मी दिनदर्शिकेचे पान काढून तिच्यासमोर धरले. काय बदलले ते दाखव म्हटले.

"जाऊ नाही दिलं त्यानं. फसला तो."

मी वाद घातला. वाघाच्या मनात काय होते ते गोष्टीत कुठे सांगितले आहे, मग मी ते भरले तर बिघडले काय, असे मी म्हणाले. मावशी चिडली नाही. ऑपरेशननंतर तिला बोलताना दम लागतो, म्हणून ती थांबत थांबत बोलली. "अगं, फसणं हेही घडलेलंच असतं. बाहेरून दिसत नाही म्हणून काय झालं? तुझ्या काकांना त्या भागीदारानं फसवलं तेव्हा लोक म्हणायचे, त्यांना सगळं माहीत होतं, मोठ्या मनानं सोडून दिलं. लोकांना बरं वाटायचं तसं म्हणून. त्यांना काही माहीत नव्हतं. ते शेवटपर्यंत दर महिन्याला हिशेबाच्या कागदांची वाट बघत होते. तू त्यांना माहीत होतं म्हणालीस, की ते महिने पुसले जातात."

काकांबद्दल ती कधीच बोलत नाही. मी वही मिटली.

त्या दुपारनंतर मी पुष्कळ विचार केला आणि मला मावशीचे म्हणणे शब्दशः पटले. गोष्टीतल्या घटना म्हणजे कोण कुठे गेले आणि कोणी कोणाला काय केले एवढेच नसते. कोणाला काय ठाऊक होते हीसुद्धा घटनाच असते, आणि तिला हात लावला की बाकी सगळे जागेवर असूनही गोष्ट दुसरी होते. वाघाला उदार करणे सोपे होते, कारण उदार माणसाबद्दल आपल्याला आदर वाटतो आणि आदर वाटला की आपण मोकळे होतो. फसलेल्याजवळ बसणे अवघड असते. त्याच्या अडाणीपणाची लाज आपल्यालाही थोडी लागते. पण या गोष्टीची मूळ ताकद नेमकी तिथेच होती. भोपळ्यात कोण आहे ते ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते आणि वाघाला नसते. म्हातारीबरोबर बसून ऐकले की या फरकाचे हसू येते. वाघाजवळ बसून ऐकले तर तोच फरक, काही न बदलता, छातीत रुततो. मला नवे काही लिहायचे नव्हते. बसण्याची जागा तेवढी बदलायची होती आणि तिथून शेवटपर्यंत उठायचे नव्हते.

म्हणून शेवटच्या खेपेला मी दोन-तीन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. वाघ 'मी' म्हणणार नाही, पण सांगणारीही त्याच्या वळणापासून हलणार नाही. लेकीचे घर दिसणार नाही, कारण वाघाने ते पाहिलेले नाही. तो म्हातारीला खाणार आहे हे त्याच्याच तोंडून, पहिल्याच वाक्यात, कसलीही सबब न देता येईल. ते लपवले असते तर पुढची सगळी माया चोरीची झाली असती. आणि म्हातारीला मी कपटी करणार नाही. तिचे शब्द तेच राहतील, कारण जीव वाचवायला ती जे बोलली त्यात काही वावगे नव्हते. वाघाची बाजू घेताना तिच्यावर दोष टाकायचा मोह फार होतो, पण तो टाकला की आपण फक्त खलनायक बदललेला असतो.

पुण्याला परतायच्या आदल्या रात्री पुन्हा वीज गेली. भाचा मावशीच्या कॉटच्या कडेला येऊन बसला होता. मी स्टुलावर बसले आणि सांगू लागले.

वाटेच्या वळणावर करंजाचे झाड होते आणि त्याच्याखाली वाघ बसला होता. दोन रात्री त्याला काही मिळाले नव्हते. वाटेने एक म्हातारी आली. वाघ उठला, आडवा झाला आणि म्हणाला, "म्हातारे, मी तुला खाणार." तो थट्टा करत नव्हता. म्हातारी थरथरत होती. तिने काठी घट्ट धरली आणि म्हणाली, "मला खाऊन तुला काय मिळणार? नुसती हाडं. लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा." वाघाने तिच्या हाताकडे पाहिले. खरेच हाडे होती. काठी उचलली की बांगडी कोपरापर्यंत घरंगळत होती. वाघ म्हणाला, "याच वाटेने येशील ना?" म्हातारी म्हणाली, "दुसरी वाट आहे कुठे?" दुसरी वाट नव्हती, हे वाघालाही ठाऊक होते. तो बाजूला झाला.

"कोल्हा कुठं गेला?" मावशीने विचारले.

"कोल्हा अलीकडच्या वळणावर होता," मी म्हणाले, "वाघाला तो दिसला नाही." मावशीने मान हलवली असावी, उशी करकरली.

म्हातारी गेली. वाघ थांबला. रात्री तो शिकारीला जाई आणि बहुतेक वेळा रिकाम्या तोंडानेच परत येई, पण उजाडायच्या आत करंजाखाली पोचलेला असे, कारण म्हातारी माणसे सकाळी लवकर निघतात. तूप म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते. हाडांवर मांस चढवणारे काहीतरी असावे आणि ते मिळायला वेळ लागत असावा, असे त्याने धरले होते. करंजाची फुले वाटेवर पडली, वाळली, उडून गेली. वाटेने ससे गेले, मोर गेले. एकदा दूर काठीचा आवाज आला म्हणून तो ताडकन उठून उभा राहिला, पण तो सुतारपक्षी होता. दिवस गेले तशी म्हातारी त्याच्या मनात लठ्ठ होत गेली. तिची बांगडी मनगटात घट्ट बसली, तिच्या चालण्याने वाटेवरची पाने वाजू लागली. आता येईलच, असे त्याला रोज वाटे. ती येणार नाही असे त्याला एकदाही वाटले नाही, कारण दुसरी वाट नव्हती.

मग एका सकाळी वाटेने एक भोपळा आला. आपोआप चालणारा भोपळा वाघाने कधी पाहिला नव्हता, पण महिनाभरात त्या वाटेने त्याला विचारण्याजोगे कोणी आलेच नव्हते. तो पुढे झाला आणि त्याने जमेल तितक्या मऊ आवाजात विचारले, "भोपळ्या भोपळ्या, वाटेत म्हातारी दिसली का?"

इथे मी थांबले. पुढचे वाक्य भाच्याचे असते. तो ते नेहमी उड्या मारत, घर डोक्यावर घेत म्हणतो आणि मी त्यासाठी जागा सोडते. अंधारात मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. कॉटच्या कडेवर त्याची बोटे होती, ती घट्ट आवळलेली होती. तो काही म्हणेना. मी पुन्हा एकदा हळूच म्हणाले, "म्हातारी दिसली का?" तरी तो गप्पच राहिला. त्याने ते वाक्य म्हटले नाही तर भोपळा पुढे जाणार नव्हता, आणि बहुधा म्हणूनच तो ते म्हणत नव्हता.

बराच वेळ गेला. मग मावशीने कोपरावर भार देऊन मान उचलली, भाच्याच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि थांबत थांबत, दम घेत, ते सगळे नीट म्हटले.

"म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक."

भोपळा निघाला. वाघ त्याला वाट द्यायला बाजूला झाला. भोपळा गेल्यावर मागे एक गोडसर, स्निग्ध असा वास राहिला, तसा वास त्याला पूर्वी कधी आला नव्हता. त्याने दोनदा नाक वर करून हुंगले. मग तो करंजाखाली गेला आणि ज्या बाजूने म्हातारी यायची होती तिकडे तोंड करून बसला.